पंधरा हजारांच्या वर मौन म्हणजे नकार

समजा, कोल्हापुरातल्या एका मुलीने स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन क्लास लावला आहे. वर्षाची फी 72,000 रुपये, दर तीन महिन्यांनी 18,000 चा हप्ता. 10 जूनला वडिलांनी आपल्या क्रेडिट कार्डावरून पहिला हप्ता भरला आणि उरलेले तीन आपोआप जावेत म्हणून त्याच वेळी ऑटोपेला संमती दिली. ओटीपी आला, तो टाकला, विषय संपला. मग 8 सप्टेंबरला बँकेचा मेसेज येतो. 10 तारखेला अमुक क्लासचे 18,000 रुपये तुमच्या कार्डावरून जाणार आहेत, ते जावेत असं वाटत असेल तर इथे जाऊन ओटीपी टाका. वडील वैतागतात. “एकदा सांगितलं ना, दर तीन महिन्यांनी घेत जा म्हणून? पुन्हा विचारायचंच असेल तर ह्याला ऑटोपे कशाला म्हणायचं?”

त्याच आठवड्यात त्याच कार्डावरून आईच्या आयुर्विम्याचा 38,000 चा वार्षिक हप्ता गेला. त्याचीही सूचना आली होती, पण ओटीपी कोणी मागितला नाही. घरातल्या सिनेमा-मालिकांच्या ॲपचे 499 रुपये तर दर महिन्याला जातातच, तेही न विचारता. म्हणजे 38,000 गुपचूप जातात, 499 गुपचूप जातात आणि मधले 18,000 मात्र अडतात. वडिलांना हा बँकेचा गोंधळ वाटला तर त्यात नवल नाही. पण तो गोंधळ नाही. तिन्ही व्यवहार एकाच नियमाने चालले आहेत.

नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. ग्राहकाने एकदा ओटीपी किंवा यूपीआय पिन टाकून ऑटोपेची परवानगी दिली, की त्यानंतरचा प्रत्येक व्यवहार 15,000 रुपयांपर्यंत असेल तर तो पुन्हा न विचारता होऊ शकतो. रक्कम त्याच्या वर गेली, की त्या वेळी, त्या व्यवहारापुरती नवी परवानगी लागते. तीन प्रकारच्या देण्यांसाठी ही मर्यादा एक लाखापर्यंत वाढवलेली आहे: विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडातली गुंतवणूक आणि क्रेडिट कार्डाची बिलं. क्लासची फी ह्या तिन्हींत बसत नाही, म्हणून 18,000 ला ओटीपी आणि 38,000 ला नाही. हा नियम क्रेडिट आणि डेबिट कार्डांना, वॉलेटला आणि यूपीआयला सारखाच लागू आहे.

आता ह्या दोन प्रकारच्या व्यवहारांतला खरा फरक बघू. मर्यादेच्या आतल्या व्यवहारात बँक किमान 24 तास आधी सूचना पाठवते. त्यात पैसे कोण घेणार, किती, कधी, कशासाठी आणि संदर्भ क्रमांक काय, हे सगळं सांगावं लागतं, आणि हा एक व्यवहार किंवा आख्खा ऑटोपेच थांबवण्याची सोयही द्यावी लागते. तुम्ही मेसेज वाचला नाही, वाचून विसरलात, फोन बंद होता, तरी पैसे जातात. इथे मौन म्हणजे संमती. मर्यादेच्या वर हेच उलटं होतं. सूचना तशीच येते, पण तुम्ही काहीच केलं नाहीत तर पैसे जात नाहीत. तिथे मौन म्हणजे नकार. पंधरा हजारांची रेघ काही मोठ्या व्यवहारांना बंदी घालत नाही. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ कुठपर्यंत ‘हो’ धरायचा आणि कुठून पुढे ‘नाही’ धरायचा, एवढंच ती ठरवते.

कोल्हापूरच्या मुलीने ऑगस्टमध्ये तो क्लास सोडला असं धरून चाला. क्लासला कळवलं, पण त्यांच्याकडे नोंद झाली नाही, आणि घरी ऑटोपे बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. 18,000 चा हप्ता असेल तर 8 सप्टेंबरच्या मेसेजकडे दुर्लक्ष केलं तरी पुरे, 10 तारखेला व्यवहार होणारच नाही. पण हीच फी दरमहा 6,000 अशी बारा हप्त्यांत ठरलेली असती, तर सप्टेंबरचे 6,000 गेले असते, आणि मेसेज कोणी वाचले नसते तर ऑक्टोबरचेही. फी तीच, क्लास तोच, चूकही तीच.

मग प्रश्न येतो, रक्कमच का मोजायची? सेवा मिळाली की नाही, भाव मध्येच वाढवला का, ग्राहकाला ही वर्गणी आठवते तरी का, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे नाहीत का? आहेत. पण पैसे मागितले जातात त्या क्षणी ह्यातलं काहीच बँकेला माहीत नसतं. मुलीने क्लास सोडला हे बँकेला कळण्याचा मार्गच नाही. तिच्यासमोर तीनच गोष्टी असतात: कोण मागतोय, ह्याला परवानगी दिलेली आहे का, आणि किती मागतोय. पहिल्या दोन गोष्टी चुकीच्या वर्गणीतही अगदी बिनचूक असतात. उरते ती रक्कम. चूक कुठे होईल हे बँकेला आधी ओळखता येत नाही, पण झालीच तर ती एका झटक्यात केवढी असावी यावर बंधन घालता येतं.

ऑटोपेचा व्यवहार साध्या व्यवहारापेक्षा उलट्या बाजूने चालतो, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं. किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून तुम्ही पैसे देता, तेव्हा सुरुवात तुमच्याकडून होते. रक्कम तुम्ही टाकता, पिन तुम्ही टाकता. ऑटोपेत सुरुवात घेणाऱ्याकडून होते. तारीख आली की त्याची यंत्रणा आपल्या बँकेमार्फत तुमच्या बँकेकडे मागणी पाठवते. तुम्ही तेव्हा झोपलेले असाल, प्रवासात असाल, दवाखान्यात असाल. तुमच्या बाजूने हजर असते ती फक्त काही महिन्यांपूर्वी किंवा वर्षांपूर्वी दिलेली परवानगी.

आणि पैसे गेल्यानंतर हीच जुनी परवानगी तुमच्या विरोधात उभी राहते. कार्ड किंवा खात्यातून अनधिकृत व्यवहार झाला तर ग्राहकाची जबाबदारी किती, याचे रिझर्व्ह बँकेचे नियम 2017 पासून आहेत. तिसऱ्याच कोणीतरी तुमच्या किंवा बँकेच्या चुकीशिवाय पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीही बोजा येत नाही. ऑटोपेच्या व्यवहारांनाही हे संरक्षण आहे. पण त्यातला शब्द ‘अनधिकृत’ आहे. ज्या क्लासला तुम्ही स्वतः ओटीपी टाकून परवानगी दिलीत, त्याने ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम घेतली, तर तो व्यवहार नकोसा असेल, अन्यायाचाही असेल, पण अनधिकृत म्हणता येणार नाही. बँक सांगणार, परवानगी तुमचीच होती, परताव्याचं क्लासशी बोला. क्लास सांगणार, अटींमध्ये परतावा नाही. तिथून पुढे ई-मेल, तक्रार क्रमांक, ग्राहक मंच. 6,000 रुपयांसाठी हे सगळं करायला फार थोडी माणसं बसतात, आणि ते समजण्यासारखं आहे. गेलेले पैसे परत आणणं हे जाणारे पैसे थांबवण्यापेक्षा कितीतरी कठीण. ताज्या परवानगीची अट ह्या एका वस्तुस्थितीवर उभी आहे, आणि माझ्या मते ती अगदी योग्य जागी उभी आहे.

इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला आहे. युरोपीय संघातही ऑनलाइन देण्यांसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची आहे, पण वर्गणीला पहिल्यांदा ती झाली, की पुढची वसुली विक्रेत्याने सुरू केलेली म्हणून त्या सक्तीतून बाहेर ठेवली जाते. त्या बदल्यात ग्राहकाला नंतरचा हक्क दिलेला आहे. मूळ परवानगीत नक्की रक्कम लिहिलेली नव्हती आणि वाजवी अपेक्षेपेक्षा जास्त पैसे घेतले गेले, तर आठ आठवड्यांच्या आत परतावा मागता येतो. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या बिलातल्या चुकीविरुद्ध साठ दिवसांत लेखी हरकत घेण्याचा कायदेशीर हक्क जुना आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या कार्डावर पंधरा हजारांची रेघ कधी भेटत नाही, कारण आपला नियम भारतात दिलेल्या कार्डांना लागू होतो. पण त्यानेच पुण्यातल्या आपल्या बँकेचं कार्ड एखाद्या परदेशी सेवेच्या वर्गणीला जोडलं, तर विक्रेता परदेशातला असूनही ही रेघ लागू होते. आधी घेऊ द्यायचे आणि नंतर भांडायचा हक्क द्यायचा, ही त्यांची पद्धत. आपण आधी विचारतो. आपल्याकडे वर्गण्यांचा मोठा भाग यूपीआय आणि डेबिट कार्डांवर चालतो, म्हणजे पैसे थेट बचत खात्यातून जातात. क्रेडिट कार्डावर बिल भरायच्या आधी भांडायला निदान काही दिवस असतात. बचत खात्यातून घरभाड्याचे पैसे गेले, की ते त्या क्षणी गेलेले असतात.

आधी विचारण्याची ही परंपरा ऑटोपेच्याही आधीची आहे. ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने भारतातल्या कार्डांच्या ऑनलाइन व्यवहारांना कार्डावर छापलेल्या आकड्यांशिवाय आणखी एक पडताळणी सक्तीची केली. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे हे सगळं कार्ड हातात पडलेल्या कोणालाही वाचता येतं, म्हणून ग्राहकालाच माहीत असेल किंवा त्याच्याकडेच येईल असं काहीतरी वर हवं, हा त्यामागचा विचार होता. तेव्हा पासवर्ड होता, पुढे ओटीपी आला. 2014 मध्ये भारतातल्याच व्यवहाराचे पैसे परदेशातून फिरवून ही पडताळणी टाळण्याची वाट रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बंद केली. टॅक्सी मागवायच्या उबर ॲपला त्यानंतर आपली भारतातली पद्धत बदलावी लागली आणि प्रवासी काही काळ वॉलेटमधून पैसे भरू लागले.

एवढी कडक भूमिका घेतल्यावर दरमहाच्या वर्गण्यांचं काय करायचं, हा पेच राहिला. प्रत्येक वेळी ओटीपी मागितला तर वर्गणीला काही अर्थ उरत नाही. कधीच मागितला नाही तर 2009 चा नियम पोकळ होतो. 21 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकाने मधली वाट काढली. नोंदणीच्या वेळी आणि पहिल्या व्यवहाराला पूर्ण पडताळणी करायची, पुढच्या छोट्या रकमांना सूट द्यायची, मोठ्या रकमांना पूर्वीप्रमाणेच पडताळणी ठेवायची. म्हणजे पंधरा हजारांच्या वर ओटीपी मागणं ही काही नव्याने लादलेली अट नाही. ओटीपी हाच मूळ नियम आहे. सूट मिळाली आहे ती खालच्या रकमांना. हे एकदा नीट कळलं की वडिलांच्या वैतागाचा रोख थोडा बदलतो.

सूट सुरुवातीला फक्त 2,000 रुपयांपर्यंत होती. जानेवारी 2021 पासून ती 5,000 झाली आणि जून 2022 मध्ये 15,000. मधल्या काळात एक मोठा गोंधळ होऊन गेला, तो अनेकांना आठवत असेल. नव्या पद्धतीसाठी बँकांनी आणि कंपन्यांनी आपापल्या यंत्रणा बदलायच्या होत्या. त्यासाठी मार्च 2021 अखेरची मुदत दिली होती, ती सप्टेंबर अखेरपर्यंत वाढवावी लागली, आणि 1 ऑक्टोबर 2021 उजाडला तरी सगळ्यांची तयारी झालेली नव्हती. त्या महिन्यात शे-दोनशे रुपयांच्या वर्गण्याही बंद पडल्या. दरमहा छोटी देणगी घेणाऱ्या संस्थांना आणि वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संकेतस्थळांना त्याचा फटका बसला. रिझर्व्ह बँकेने ऑटोपेच बंद केलं, असा समज पसरला. खरं तर अडचण मर्यादेची नव्हती. जुन्या परवानग्या नव्या पद्धतीत नोंदवल्याच गेल्या नव्हत्या, आणि नोंद नसलेल्या मागण्या बँका नाकारत होत्या.

डिसेंबर 2023 मध्ये तीन देण्यांची मर्यादा एक लाख झाली, त्या वेळी रिझर्व्ह बँकेने दिलेले दोन आकडे बोलके आहेत. तेव्हा साधारण साडेआठ कोटी ऑटोपे नोंदवलेले होते आणि त्यांतून महिन्याला सुमारे 2,800 कोटी रुपये जात होते. भागाकार केला तर एका ऑटोपेमागे महिन्याला साधारण 330 रुपये येतात. म्हणजे लोक ही सोय वापरत होते ती प्रामुख्याने छोट्या वर्गण्यांसाठी, आणि त्या पंधरा हजारांच्या कितीतरी आत होत्या. रेघेवर अडत होती ती मोजकी मोठी देणी. विमा, म्युच्युअल फंड आणि कार्डाचं बिल यांत व्यवहाराची रक्कमच मोठी असते.

ह्याच तिघांना सूट का, याचं उत्तर मला त्यांच्या स्वभावात दिसतं. विम्याचा हप्ता ओटीपी चुकल्यामुळे राहिला तर नुकसान ग्राहकाचं आहे. आयुर्विम्यात मासिक हप्त्याला पंधरा दिवस आणि बाकी हप्त्यांना तीस दिवस सवलतीचे मिळतात. तेही उलटले तर पॉलिसी बंद पडू शकते, आणि वय वाढल्यावर ती पुन्हा सुरू करताना वैद्यकीय तपासण्या लागू शकतात. कार्डाचं बिल राहिलं तर दंड आणि व्याज लागतं. म्युच्युअल फंडात गेलेला पैसा तर तुमच्याच नावावर असतो. शिवाय तिन्ही ठिकाणी पैसे घेणारी संस्था नियामकाच्या देखरेखीखालची असते, उद्या गाशा गुंडाळून जाणारी नव्हे. पैसे चुकून जाण्याच्या धोक्यापेक्षा चुकून न जाण्याचा धोका इथे मोठा आहे, म्हणून इथे एक लाखापर्यंत मौनाला संमती मानलं आहे. एक लाखाच्या वरचा हप्ता असेल तर विम्यालाही ओटीपी लागतोच.

24 तास आधीच्या सूचनेलाही एक अपवाद आहे. फास्टॅग आणि मेट्रो-बसच्या राष्ट्रीय मोबिलिटी कार्डात शिल्लक ठरावीक रकमेच्या खाली गेली की आपोआप भरणा होतो. तो कधी होणार हे आधी कोणालाच माहीत नसतं, म्हणून ऑगस्ट 2024 पासून त्याला आधीची सूचना लागत नाही.

मर्यादेच्या वरच्या व्यवहारात प्रत्यक्षात काय चुकतं, तेही पाहायला हवं, कारण इथे गप्प राहण्याची किंमत उलटी मोजावी लागते. सूचना आणि ओटीपी पाठवण्याची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेची आहे, क्लासची किंवा कंपनीची नाही. त्यामुळे बँकेकडे जुना मोबाईल नंबर किंवा बंद पडलेला ई-मेल नोंदलेला असेल तर मेसेज तिकडेच जातो आणि व्यवहार मुकाट्याने नाकारला जातो. कार्ड हरवून नवीन घेतलं असेल, तर जुन्या कार्डावरची परवानगी नव्या कार्डावर आपोआप येईलच असं नाही. ती पुन्हा नोंदवावी लागू शकते. यूपीआयवर ओटीपीऐवजी ॲपमध्ये विनंती येते आणि पिन टाकावा लागतो. फोन बदलल्यावर ते ॲप पुन्हा सुरूच केलं नसेल तर ती विनंती दिसणार कशी?

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. कार्डांच्या ऑटोपेचं काम अनेक बँका स्वतः न करता मधल्या कंपन्यांच्या यंत्रणेवर चालवतात. त्यामुळे मेसेजमधल्या दुव्याचा पत्ता कधीकधी बँकेच्या नावाचा नसतो. अनोळखी दुव्यावर ओटीपी टाकू नका, हे आपण आईवडिलांना कित्येक वर्षं बजावत आलो, आणि इथे बँकच अनोळखी दिसणारा दुवा पाठवते. सूचना नियमाने येते आणि फसवणुकीचा मेसेजही अगदी तिच्यासारखाच बेतता येतो. मला ही ह्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची जागा वाटते. दुवा न दाबता बँकेचं स्वतःचं ॲप उघडावं किंवा पत्ता हाताने टाकून बँकेच्या संकेतस्थळावर जावं, आणि तिथल्या ऑटोपे किंवा स्थायी सूचनांच्या पानावर तीच रक्कम, तीच तारीख आणि तोच घेणारा दिसतो का ते पाहावं. दिसत नसेल तर मेसेज खोटा समजून बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. ओटीपी टाकायच्या आधी त्याच्या मेसेजमध्ये लिहिलेली रक्कम आणि घेणाऱ्याचं नावही वाचावं. फसवणुकीत ती दोन्ही सहसा वेगळीच असतात.

ऑटोपे थांबवतानाही पडताळणी लागते, याचा लोकांना राग येतो. बंद करायला कसला ओटीपी? पण तुमचा फोन हाती लागलेल्या कोणीही तुमच्या आईच्या विम्याचा हप्ता एका बोटाने बंद करू नये, हाही संरक्षणाचाच भाग आहे. ह्या सोयीसाठी ग्राहकाकडून बँकेला शुल्क मात्र घेता येत नाही, ना नोंदणीचं, ना रद्द करण्याचं.

आता ही रेघ कुठे अपुरी पडते ते सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर नको तितका भरवसा बसेल. मर्यादा एका व्यवहाराची आहे, महिन्याची नाही. 14,000 च्या तीन वेगवेगळ्या वर्गण्या असतील तर महिन्याला 42,000 रुपये एकही ओटीपी न मागता जाऊ शकतात. पहिला महिना एक-दोन रुपयांत देणाऱ्या आणि मग शेकड्याने घेणाऱ्या वर्गण्या तर ह्या रेघेच्या जवळपासही येत नाहीत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी जाहीर केली. त्यात वर्गणीच्या सापळ्याचं नाव आहे: सुरू करणं सोपं, बंद करण्याची वाट लपवलेली, फुकट वापरासाठीही आधी ऑटोपेची सक्ती. तो सापळा चालतो तो छोट्या रकमांवर, जिथे मौन म्हणजे संमती असते.

बँक खात्यावरून थेट जाणारे कर्जाचे हप्ते ही आणखी वेगळी गोष्ट. ते बहुधा नॅच नावाच्या यंत्रणेतून जातात. कार्ड आणि यूपीआयची पंधरा हजारांची रेघ तिथे लागू नाही. गृहकर्जाचा 32,000 चा हप्ता दरमहा ओटीपीशिवाय जातो तो त्यामुळे. तिथे एकदा सही करून किंवा ऑनलाइन पडताळणी करून दिलेला आदेश पुढे चालत राहतो, आणि खात्यात पैसे नसल्यामुळे तो परत गेला तर बँका दंड लावतातच, शिवाय पैसे देण्याघेण्याच्या व्यवस्थांच्या 2007 च्या कायद्याचं कलम 25 चेक न वटल्यासारखीच फौजदारी कारवाई करू देतं. ऑटोपे आणि नॅच ह्यांचे मेसेज फोनवर एकसारखेच दिसतात, म्हणून हप्ता कुठल्या वाटेने जातो हे कर्ज घेताना विचारून ठेवावं.

सरकारी रेघेच्या आत स्वतःची रेघ मारण्याची सोय नियमातच आहे, आणि ती जवळपास कोणी वापरत नाही. दर महिन्याला बदलणाऱ्या बिलासाठी परवानगी देताना ग्राहकाला कमाल रक्कम ठरवता आली पाहिजे, असं परिपत्रक सांगतं. व्यवहारात काय होतं? यूपीआयवर पिन टाकायच्या आधी जो पडदा येतो, त्यावर घेणाऱ्याचं नाव, किती वेळा पैसे घेणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि जास्तीत जास्त किती, हे लिहिलेलं असतं. वर्गणी 199 ची असते, पण ‘जास्तीत जास्त’च्या पुढे 5,000 किंवा थेट 15,000 असा आकडा कंपनीने आधीच भरलेला असतो. आपली नजर 199 वर असते आणि आपण पिन टाकतो. त्या क्षणी परवानगी 199 ची नसते, त्या मोठ्या आकड्यापर्यंतची असते. उद्या भाव वाढला, मधली योजना जाऊन वरची लागली, तरी नवी परवानगी मागण्याचं कारण उरत नाही. फक्त आदल्या दिवशीचा मेसेज येईल.

तो आकडा बदलता येत असेल तर बिलाच्या अंदाजापेक्षा थोडाच वर ठेवावा. विजेचं बिल उन्हाळ्यात 3,500 च्या वर जात नसेल तर 4,000 पुरे. मग मीटर चुकून 11,000 चं बिल आलं, तर ते ऑटोपेने जाणार नाही, आणि तुम्ही आधी वीज कंपनीला विचारू शकाल. आकडा बदलू देत नसतील तर ती वर्गणी ऑटोपेवर ठेवायची का, याचा विचार तिथेच, पिन टाकण्यापूर्वी करावा. आधी दिलेल्या सगळ्या परवानग्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या नावाखाली आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर एकत्र दिसतात. प्रत्येकीपुढे तिची मुदत आणि कमाल रक्कम लिहिलेली असते. कोल्हापूरच्या वडिलांनी तिथे डोकावलं तर क्लासच्या ओळीत 18,000 दिसेल, आईच्या विम्याच्या ओळीत 38,000, आणि सिनेमाच्या ॲपपुढे, 499 च्या वर्गणीसाठी, बहुधा कितीतरी मोठा आकडा.